‘करण्यात यावे’, पण कोणी?

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्त पुस्तकात 9 फेब्रुवारी 2025च्या समिती सभेची एक नोंद आहे. मी ती इतक्यांदा वाचली आहे की आता पाठ झाली आहे.

“विषय क्र. 4 : गच्चीवरील गळतीबाबत विचार करणे. सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली. गच्चीचे वॉटरप्रूफिंग पावसाळ्यापूर्वी करून घेण्यात यावे व त्यासाठी तीन कोटेशन मागवण्यात यावीत, असे सर्वानुमते ठरले.”

खाली सूचक आहेत, अनुमोदक आहेत, अध्यक्षांची सही आहे. ऑडिटरने बोट ठेवावं असं त्यात काही नाही. त्या सभेला मीही होते, समितीची साधी सदस्य म्हणून. पुढच्या सभेत हे इतिवृत्त वाचून कायम करताना मीही मान डोलावली होती.

त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबई-पुण्यात दाखल झाला. मुंबईत एरवी तो 11 जूनच्या आसपास येतो, आणि त्या मे महिन्यात त्याच्या आधीही वळवाने झोडपून काढलं होतं. सातव्या मजल्यावरच्या आजींच्या बेडरूममध्ये पाणी पंख्याच्या हुकातून खाली आलं. दांड्यावरून ओघळून ते गादीवर ठिबकत होतं. मी वर गेले तेव्हा त्यांनी मेन स्विच बंद करून मेणबत्ती लावली होती आणि पलंग भिंतीकडे ओढला होता. मला म्हणाल्या, “अगं, फेब्रुवारीत ठरलं होतं ना तुमचं?”

ठरलं होतं. त्याच संध्याकाळी आम्ही समितीतले पाचजण खाली पार्किंगमध्ये उभे राहून विचारत होतो की कोटेशनचं काय झालं. अध्यक्षांची समजूत होती की पैशांचा विषय असल्यामुळे खजिनदार कोटेशन मागवत असणार. खजिनदार म्हणाले, पत्रव्यवहार सचिवांकडे असतो. तेव्हाचे सचिव म्हणाले की दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सभेत ‘माझ्या ओळखीचा एक चांगला माणूस आहे’ असं सांगितलं होतं, म्हणून ते काकांची वाट बघत होते. आणि काका म्हणाले, मी फक्त सुचवलं होतं. चौघंही खरं बोलत होते. पुस्तक काढून बघितलं, तर पुस्तक चौघांच्याही बाजूने होतं. कारण ‘मागवण्यात यावीत’ या शब्दांत मागवणारा कोणीच नाही.

आपल्या मराठीची ही एक सोय आहे. ‘करण्यात यावे’, ‘मागवावीत’, ‘पाठपुरावा व्हावा’, ‘निदर्शनास आणून देण्यात यावे’. कर्ता गाळला तरी वाक्य पूर्ण वाटतं आणि भारदस्तही वाटतं. सरकारी पत्रांतून, शाळेच्या परिपत्रकांतून ही भाषा इतकी अंगवळणी पडली आहे की इतिवृत्त लिहायला बसलं की हात आपोआप तिकडेच वळतो. ठरावापुरती ही भाषा चुकीचीही नाही. ठराव एका माणसाचा नसतो, सभेचा असतो. ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग करण्यात यावे’ असं सभा म्हणते तेव्हा ती संपूर्ण संस्थेच्या वतीने बोलत असते. तिथे कोणाचं नाव घालण्याची गरज नाही, घालूही नये. बिघडतं ते पुढे, तीन कोटेशन आणण्याचं कामही त्याच वाक्यात, त्याच भाषेत बसवलं की. एका ‘व’ने आम्ही ठराव आणि काम एकत्र बांधून टाकलं होतं.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेनंतर सचिवपद माझ्याकडे आलं. मी स्वतःपुरता एक नियम केला, आणि तो व्याकरणाचाच आहे. ठराव ‘यावे’मध्ये, काम ‘तील’मध्ये. ‘कोटेशन मागवण्यात यावीत’ नाही, तर ‘खजिनदार कोटेशन मागवतील’. हे लिहायला लागलं की लगेच अडतं, कारण ‘मागवतील’ लिहायला आधी कर्ता लागतो. आणि ते अडणं सभा चालू असताना, सगळे समोर बसलेले असतानाच व्हायला हवं. रात्री घरी लिहिताना अडलं, तर आपण आपल्या मनाने कोणाचं तरी नाव टाकतो, आणि ते त्या माणसाने स्वीकारलेलं काम नसतं.

12 ऑक्टोबरच्या रविवारी आमची सभा झाली, त्यात गच्चीचा विषय पुन्हा घेतला. ती सभा जशी झाली तशी सांगते.

मी वहीच्या पानावर उजवीकडे दोन बोटं रुंदीची पट्टी आखून घेते. डाव्या मोठ्या भागात चर्चा आणि ठराव, उजव्या पट्टीत फक्त नाव आणि तारीख. पट्टी रिकामी दिसली की विचारायचं. चर्चा मी फार लिहीत नाही. कोण काय म्हणालं, कोण कोणावर चिडलं, हे इतिवृत्तात नको. निर्णय ज्यावर उभा आहे तेवढं मात्र लिहायचं. आमच्याकडे एकाचं म्हणणं होतं की गळती गच्चीची नाही, पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोची आहे. टाकी दोन दिवस अर्धीच भरून पाहिली होती, तरी ओल वाढली होती. हे एक वाक्य नोंदीत आलं पाहिजे, कारण पुढच्या वर्षी नवीन समिती आली की हाच प्रश्न पहिला विचारला जाईल.

मग ठराव. शब्द मी तिथेच मोठ्याने वाचून दाखवले :

“ठराव क्र. 3 : गच्चीचा जुना ब्रिकबॅट कोबा काढून नवीन वॉटरप्रूफिंग करण्यात यावे. त्यासाठी एकाच कामाच्या यादीवर तीन लेखी कोटेशन घेण्यात यावीत. कंत्राटदाराची निवड व खर्चाची मंजुरी यासाठी विषय विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात यावा.”

शेवटचं वाक्य अध्यक्षांना आधी अनावश्यक वाटलं. पण उपविधींत समितीने सर्वसाधारण सभेला न विचारता किती खर्च करावा याला मर्यादा असते, आणि पूर्ण गच्चीचं काम आमच्या मर्यादेच्या कितीतरी वर जातं. ठरावात आपला अधिकार कुठे संपतो हे लिहिलेलं असलं की पुढे कोणी ‘समितीने परस्पर केलं’ असं म्हणू शकत नाही. एका सदस्याचा विरोध होता. त्यांच्या मते जुन्या कोब्यावरच केमिकल कोटिंग करून भागलं असतं. मी त्यांचा विरोध कारणासह, त्यांच्या शब्दांत लिहिला आणि वाचून दाखवला. सहकार कायद्यानुसार समितीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर सामुदायिक असते आणि वैयक्तिकही असते. ज्याला निर्णय पटला नाही त्याचं नाव ‘सर्वानुमते’ या शब्दाखाली झाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ‘बहुमताने मंजूर, विरोध 1’ लिहायला कितीसा वेळ लागतो?

इथे ठराव संपला. मी खाली एक आडवी रेघ मारली. रेघेच्या वर जे आहे ते आता बदलणार नाही, बदलायचं तर दुसऱ्या सभेत दुसरा ठराव करावा लागेल. रेघेच्या खाली कामं. ती दर आठवड्याला हलतील, पुढे सरकतील, पूर्ण होतील. या दोघांचा स्वभावच वेगळा असल्यामुळे त्यांची जागा वेगळी हवी. ठरावाला मुदत नसते. बोलून, मत घेऊन झालं की तो पूर्ण झाला. काम तिथे सुरू होतं.

पहिलं काम गच्चीचं मोजमाप आणि कामाची यादी. हे कोटेशनच्या आधी का, तर मागे एकदा आमच्याकडे तीन कोटेशन आली होती आणि तिघांचे आकडे एकमेकांशी जुळवताच येईनात. एकाने जुना कोबा काढून राडारोडा खाली उतरवण्याचं धरलं होतं, दुसऱ्याने कोब्यावर नुसतं कोटिंग धरलं होतं, तिसऱ्याने चौरस फुटाचा दर दिला होता, त्यात जीएसटी आहे की नाही हेच कळत नव्हतं. म्हणून आधी यादी : कोबा किती चौरस फूट काढायचा, कठड्याच्या कडेची सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा, किती फूट, पावसाच्या पाण्याचे पाइप किती, राडारोडा कोणी न्यायचा, शेवटी पाणी साठवून किती तास चाचणी घ्यायची.

समितीत एक सिव्हिल इंजिनिअर आहेत. ते त्या दिवशी आले नव्हते. अध्यक्ष म्हणाले, “त्यांचंच नाव घाला, ते नाही म्हणणार नाहीत.” मोह होतो. पण समोर नसलेल्या माणसाच्या नावावर काम लिहिलं की ते पुन्हा ‘करण्यात यावे’च होतं, फक्त त्याला नावाचा मुखवटा चढतो. मी लिहिलं : “अध्यक्ष त्यांना विचारून होकार किंवा नकार सचिवांना कळवतील. मंगळवार, 14 ऑक्टोबर.” म्हणजे हे काम अध्यक्षांचं झालं, आणि अध्यक्ष समोर बसले होते. चौदाला अध्यक्षांचा फोन आला. इंजिनिअरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, ते जिना चढू शकणार नव्हते. दोन दिवसांत कळलं. सरळ त्यांचं नाव लिहिलं असतं, तर पुढच्या सभेत, महिन्याने कळलं असतं. त्यांनी फोनवर यादी कशी करायची ते सांगायची तयारी दाखवली, आणि मोजमाप चौथ्या मजल्यावरच्या सदस्याने अंगावर घेतलं.

तारखांचंही तिथेच झालं. मी मोजमापासाठी रविवार, 19 ऑक्टोबर म्हटलं. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, “वहिनी, ऐन दिवाळीत गच्चीवर टेपचं दुसरं टोक धरायला कोण येणार?” बरोबर होतं. मग 26 ऑक्टोबर. मोजमाप आठवडाभर पुढे गेलं म्हणजे कोटेशनची तारीखही सरकली, ती आम्ही 9 नोव्हेंबर केली. विशेष सर्वसाधारण सभा 23 नोव्हेंबरला, मधले दिवस नोटिशीसाठी. काम 8 डिसेंबरला सुरू. फेब्रुवारीत आम्ही ‘पावसाळ्यापूर्वी’ लिहून मोकळे झालो होतो. ती मुदत नव्हतीच. ती आभाळावर सोडलेली गोष्ट होती, आणि आभाळ त्या वर्षी पंधरा दिवस आधी आलं. खरी मुदत काढायची तर शेवटून मागे यावं लागतं. कोबा फोडून खाली उतरवायला काही दिवस, नवा घालायला काही दिवस, त्याच्यावर पाणी मारत ठेवायला आठवडाभर, चाचणीचे दोन दिवस, आणि या सगळ्याच्या आधी कोटेशन, नोटीस, सभा. असं मोजत आलो असतो, तर फेब्रुवारीतच दिसलं असतं की आपल्याकडे उसंत नाही.

‘पुढील सभेपूर्वी’ हीसुद्धा अशीच मुदत आहे. सभा पुढे गेली की ती तिच्याबरोबर गुपचूप पुढे जाते, आणि कोणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. ‘लवकरात लवकर’बद्दल तर बोलायलाच नको. मी वार आणि तारीख दोन्ही लिहिते. वार लिहिला की माणूस मनात बघतो, त्या दिवशी मी कुठे असेन.

आणि एका कामाला एकच नाव. ‘खजिनदार व सचिव’ असं लिहायला सगळ्यांना आवडतं, कारण त्यात सौजन्य वाटतं. पण पार्किंगमधली ती संध्याकाळ आठवते. दोन माणसांना काम दिलं की प्रत्येकाला खात्रीने वाटतं, दुसरा बघतोय. मदतीला कितीही जण असोत, विचारायचं कोणाला, हे एकच नाव असलं पाहिजे. ‘समिती पाठपुरावा करेल’ हे मी आता लिहीतच नाही.

विषय संपला की पुढचा विषय घेण्याआधी मी रेघेखालचं तेवढं वाचते. “खजिनदार, कामाच्या यादीवर तीन लेखी कोटेशन सचिवांच्या हातात, रविवार, 9 नोव्हेंबर. बरोबर?” आणि थांबते. ते ‘हो’ म्हणेपर्यंत थांबते. ‘हातात’ हा शब्द मुद्दाम आहे. ‘कोटेशनसाठी प्रयत्न करतील’ असं लिहिलं, तर 9 तारखेला ते झालं की नाही यावर वाद घालता येतो. तीन कागद माझ्या हातात आहेत की नाहीत यावर येत नाही.

त्याच रात्री मी रेघेखालचा भाग समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. पाच ओळी होत्या. पूर्ण इतिवृत्ताचा मसुदा दोन दिवसांनी, नीट लिहून. पण कामांची यादी त्याच रात्री जायला हवी, लोकांच्या डोक्यातून सभा उतरायच्या आत. कोणाला काही वेगळं आठवत असेल तर ते तेव्हाच सांगतात. आठ दिवसांनी पाठवलेलं इतिवृत्त लोक वाचतात ते आपलं नाव कुठे आलंय ते बघायला आणि हरकत घ्यायला.

आता जे अडलं तेही सांगते. 9 नोव्हेंबरला खजिनदारांकडे दोनच कोटेशन होती. तिसरा माणूस गच्ची बघून गेला आणि फोन उचलेना. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, “दोनवर काम चालवू, एवढं काय.” इथे ती आडवी रेघ उपयोगी पडली. तारीख रेघेखालची आहे, ती खजिनदार मला कळवून बदलू शकतात. ‘तीन’ हा आकडा रेघेच्या वरचा आहे. तो खजिनदार बदलू शकत नाहीत, मी नाही, अध्यक्षही नाहीत. दोनवर भागवायचं तर समितीची सभा घेऊन तसा ठराव करावा लागेल. हे एकदा स्पष्ट झाल्यावर वाद उरला नाही. खजिनदारांनी दुसऱ्या एकाला बोलावलं आणि 13 तारखेला तिसरा कागद आला.

रेघेखालची कामं मी एका तक्त्यातही उतरवून ठेवते. त्यात ‘9 नोव्हेंबर’वर एक रेघ आहे आणि शेजारी ‘14 नोव्हेंबर, तिसऱ्याने कोटेशन दिले नाही’ असं लिहिलं आहे. जुनी तारीख मी कधी खोडरबराने किंवा व्हाइटनरने पुसत नाही. पुसली की तक्ता नेहमी वेळेवर चाललेला दिसतो आणि त्यातून काहीच कळत नाही. एकाच कामावर तीन तारखा छेदलेल्या दिसल्या, तर त्या माणसाला सभेत झापायचं नसतं. बहुतेक वेळा त्याच्या हातात काहीतरी दिलेलंच नसतं : अधिकारपत्र, पैसे, किंवा ठरावच अर्धवट असतो. आमच्या लिफ्टच्या वार्षिक देखभालीच्या करारावर अशाच तीन तारखा छेदल्या गेल्या होत्या. शोधलं तेव्हा कळलं की करारावर सही कोणी करायची हे कुठल्याच ठरावात नव्हतं. तो माणूस तीन महिने बिचारा कंपनीकडे नुसत्या फेऱ्या मारत होता.

पक्क्या पुस्तकात मात्र मी हा सरकता तक्ता चिकटवत नाही. तिथे ठराव, आणि त्याच्या खाली त्या दिवशी ठरलेली नावं आणि तारखा, एवढंच. पानांना क्रमांक, मध्ये कोरं पान नाही, खाडाखोड झाली तर तिथे सही. सभासदाला कायद्याने इतिवृत्त पाहण्याचा अधिकार आहे, आणि कोणी पाहायला आलं तर त्याला त्या दिवशी काय ठरलं ते त्या दिवसाच्या रूपातच दिसलं पाहिजे. सरकता तक्ता वेगळ्या फाइलमध्ये. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम केल्यानंतर लगेचचा विषय ‘मागील सभेतील कामांचा आढावा’ असतो, तेव्हा तो बाहेर येतो. पूर्वी हा विषय आमच्याकडे शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांबरोबर यायचा. तोवर चहा झालेला असायचा आणि निम्मे लोक चपला शोधत असायचे.

काम 8 डिसेंबरला सुरू झालं. चाचणीच्या दिवशी मी गच्चीवर गेले. पाइपांच्या तोंडाशी गोणपाट आणि सिमेंटचा बोळा लावून पाणी साठवलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या सदस्याने कठड्याच्या आतल्या अंगाला पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण केली आणि शेजारी वेळ लिहिली. अठ्ठेचाळीस तासांनी पाणी त्या खुणेच्या किंचित खाली होतं, उन्हाने जाईल तेवढंच. आम्ही दोघं खाली आजींकडे गेलो. त्यांनी पंख्याचा हुक हाताने चाचपून बघायला सांगितलं, स्टूलही त्यांनीच दिलं. कोरडा होता. तक्त्यात त्या ओळीसमोर मी तारीख टाकली.

तक्त्यात आता गच्चीची एकच ओळ उघडी आहे आणि ती माझ्या नावावर आहे. “सचिव सातव्या मजल्यावरच्या तिन्ही घरांची छतं प्रत्यक्ष बघून लेखी नोंद करतील.” सभेत एकजण म्हणाले, तारीख ‘पहिल्या मोठ्या पावसानंतर’ अशी लिहा. मी सोमवार, 15 जून 2026 लिहिली. तोवर पाऊस आला नसेल, तर त्या दिवशी वर जाऊन ‘पाऊस नाही’ अशी नोंद करीन, तारखेवर एक रेघ मारीन आणि शेजारी दुसरी लिहीन.